काढा एकच, परवाने तीन

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू माझ्या औषधांच्या दुकानात आल्या आणि पिशवीतून एक डबा काढून काउंटरवर ठेवला. "ताई, महिना झाला, हा काढा रोज दोनदा घेतेय. सर्दी गेली, पण बीपी काही खाली येईना. गोळी जरा जोराची देता का?"

गोळी बदलणं हे डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण डबा मी हातात घेतला. समोर तुळशीची पानं, खलबत्ता आणि ढालीचं चित्र. मोठ्या अक्षरांत 'इम्युनिटी काढा', त्याखाली 'आयुर्वेदाच्या परंपरेतून'. मागच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, चौदा आकडी नंबर आणि चष्मा वर करून वाचावी लागेल अशी इंग्रजी ओळ: 'हेल्थ सप्लिमेंट, नॉट फॉर मेडिसिनल यूज'. म्हणजे हा पूरक आहार आहे, औषध म्हणून वापरू नये. घटकांच्या यादीत पहिली तुळस, दुसरं ज्येष्ठमध, मग सुंठ, दालचिनी आणि गुळवेल. कशाचं किती वजन, याचा पत्ता नाही. सगळ्यांचं मिळून एक 'वनस्पती मिश्रण', एवढंच.

खाद्यपदार्थाच्या लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे ज्येष्ठमध दुसऱ्या नंबरावर असेल तर ते चवीपुरतं नाही. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन असतं. ते रोज आणि बराच काळ पोटात गेलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि रक्तदाब चढतो. काकूंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, तेही पोटॅशियम कमी करतं. मी त्यांना डबा बाजूला ठेवायला सांगितलं आणि तो घेऊनच डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत पोटॅशियम कमी निघालं. काढा बंद केल्यावर काही आठवड्यांत त्याच जुन्या गोळीने बीपी जागेवर आलं.

मला अस्वस्थ करून गेलं ते त्या दिवशीचं त्यांचं एक वाक्य. "अहो, औषधच आहे ना ते? मागे सरकारी नंबर आहे की." नंबर होता, खराच होता. पण त्याचा अर्थ त्यांना वाटला त्याच्या नेमका उलट होता. पाकिटाची पुढची बाजू औषधासारखी बोलते आणि मागची बाजू बारीक अक्षरात 'मी औषध नाही' म्हणून हात झटकते, ही सोय उत्पादकाला मिळू नये, असं माझं ठाम मत आहे. ही सोय कुठून आली, हे समजायला एकाच काढ्याचं उदाहरण घेऊ.

करोनाच्या पहिल्या लाटेत, 24 एप्रिल 2020 रोजी, आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून एका काढ्याचं व्यापारी उत्पादन सुरू करायला सांगितलं. नाव 'आयुष क्वाथ'. तुळशीची पानं चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग, काळी मिरी एक भाग. भरड करून तीन ग्रॅमची पुडी बांधायची आणि 150 मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात टाकून दिवसातून एकदा-दोनदा प्यायची. हिशेब केला तर एका पुडीत तुळस साधारण 1.33 ग्रॅम, दालचिनी आणि सुंठ प्रत्येकी 0.67 ग्रॅम आणि मिरी 0.33 ग्रॅम. (शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराच्या रीतीने क्वाथ, म्हणजे काढा, करायचा तर सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं असतं. गरम पाण्यात पुडी ढवळणं हे फांटाच्या, म्हणजे न आटवता नुसतं गरम पाण्यात भिजवून घेण्याच्या, जवळ जातं. पण तो वाद वैद्यांचा, तो इथे नको.)

आता हेच चार जिन्नस, याच प्रमाणात, बाजारात तीन वेगवेगळ्या कायदेशीर रूपांनी येऊ शकतात.

पहिलं रूप आयुर्वेदिक औषधाचं. मंत्रालयाच्या पत्रात हेच अपेक्षित होतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 खाली राज्याचं परवाना खातं '25-डी' नमुन्यात उत्पादन परवाना देतं. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अशा पाकिटावर 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द हवेत, उत्पादन परवान्याचा क्रमांक हवा (तो बहुधा 'मॅन्यु. लायसन्स नं.' किंवा नुसता 'एम. एल.' अशा अक्षरांनी सुरू होतो), बॅच क्रमांक आणि तारखा हव्यात. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक घटकाचं नाव आणि प्रमाण हवं. पाठ, म्हणजे औषधाची कृती, ग्रंथातला असेल तर ग्रंथाचा संदर्भ दिलेला दिसतो. घटक ग्रंथातले पण जुळणी कंपनीची असेल तर ते 'आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन' ठरतं.

दुसरं रूप पूरक आहाराचं. अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 आणि त्याखालचे पूरक आहाराचे 2016 चे नियम इथे लागू होतात. या नियमांना एक परिशिष्ट आहे, त्यात कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि दिवसाला किती वापरता येईल ते दिलं आहे. पाकिटावर 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' हे शब्द, औषधी वापरासाठी नाही ही सूचना, रोजची शिफारस केलेली मात्रा आणि ती ओलांडू नये हा इशारा, असं सगळं छापावं लागतं. कायद्याच्या व्याख्येतच आहे की असा पदार्थ विशिष्ट रोग बरा करतो किंवा आटोक्यात आणतो, असा दावा त्याला करता येत नाही.

तिसरं रूप साध्या खाद्यपदार्थाचं. बचत गटाने हेच चार जिन्नस कुटून 'काढा मसाला' म्हणून पुडीत भरले तर तो मसाला आहे, जसा चहाचा मसाला असतो. त्याला अन्नाचा साधा परवाना किंवा नोंदणी पुरते. 2022 पासून 'आयुर्वेद आहार' म्हणून आणखी एक वर्ग आला आहे. तो ग्रंथातल्या पाककृतींवर आधारलेला आहे, पण तोही अन्नाच्याच घरातला.

म्हणजे तुळस तीच, सुंठ तीच. बदलतं ते एवढंच की विकणारा काय बोलू शकतो, पाकिटावर काय छापायला तो बांधील आहे आणि काही बिघडलं तर त्याला कोणत्या कायद्याखाली विचारायचं. परवान्याची भाषा त्या पदार्थाच्या गुणाबद्दल फार थोडं सांगते आणि जबाबदारीबद्दल पुष्कळ. आपण वाचताना नेमकं उलट करतो.

आता त्या चौदा आकड्यांकडे येऊ. हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर नुसती नोंदणी, जी छोट्या घरगुती व्यवसायांसाठी असते. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी 15. तिथे दोन शून्यं असतील तर परवाना केंद्राने दिलेला. त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. हे कळलं की एक गोष्ट दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. पूरक आहार बनवणाऱ्याला केंद्राचा परवाना लागतो. तेव्हा डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' असं लिहिलं आहे आणि उत्पादकाचा नंबर 2 ने सुरू होतो, तर तो उत्पादक मसाला किंवा लोणची करण्याच्या नोंदणीवर पूरक आहार विकतो आहे. नंबर `foscos.fssai.gov.in` वर टाकला की परवाना कोणाच्या नावाचा, कुठला आणि चालू आहे का, तेही दिसतं. पाकिटावर विक्रेत्याचा आणि उत्पादकाचा असे दोन नंबर असू शकतात. बघायचा तो उत्पादकाचा.

पण नंबर अगदी चोख असला तरी तो काय सांगत नाही, हे जास्त महत्त्वाचं. तो नंबर म्हणजे त्या डब्यातल्या पावडरीला सरकारने दिलेली पसंती नव्हे. एके काळी प्राधिकरणाने असे पदार्थ बाजारात येण्याआधी एकेक तपासून मंजूर करण्याची पद्धत सुरू केली होती. तिला आपल्या मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. नुसत्या सूचनापत्राच्या आधारे अशी सक्ती करता येणार नाही, असा निकाल 2014 साली लागला. ऑगस्ट 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि प्राधिकरणाने ती पद्धत मागे घेतली. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल बरोबरच होता. परंतु त्यानंतर काय उरलं, हे ग्राहकाला कोणी सांगितलंच नाही. आज नियमात बसणारे घटक आणि मात्रा वापरण्याची जबाबदारी उत्पादकाची आणि तपासणी बहुतांशी माल बाजारात आल्यानंतर. 'अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणित' असं कोणी पाकिटावर किंवा जाहिरातीत म्हणत असेल तर तो परवान्याला प्रशस्तिपत्रक म्हणून खपवतो आहे.

औषधाचा परवाना मग जास्त भरवशाचा का? काही बाबतींत हो. घटकांची मात्रा उघड असते, कारखान्याला 'शेड्यूल टी' या परिशिष्टातली चांगल्या उत्पादनाची पद्धत पाळावी लागते आणि दुष्परिणाम कळवण्यासाठी आयुष औषधांचा वेगळा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मात्र गुण येतो याचा पुरावा म्हणून तोही परवाना वाचू नये. ग्रंथोक्त पाठाला ग्रंथातला आधार पुरतो. कंपनीच्या स्वतःच्या जुळणीला प्रकाशित साहित्य आणि एखादा प्राथमिक अभ्यास, एवढ्यावर परवाना मिळू शकतो. ॲलोपॅथीच्या नव्या औषधाला लागतात तशा मोठ्या चाचण्या इथे नसतात.

पतंजलीच्या कोरोनिलचं प्रकरण आठवा. जून 2020 मध्ये ते करोनावरचं औषध म्हणून थाटात जाहीर झालं. त्यानंतर उत्तराखंडच्या परवाना अधिकाऱ्यांनी सांगितलं की अर्जात करोनाचा उल्लेखच नव्हता, परवाना दिला होता तो प्रतिकारशक्ती, खोकला आणि ताप यांसाठी. आयुष मंत्रालयाने जाहिरात थांबवायला लावली. परवाना खरा होता आणि व्यासपीठावरून सांगितलं गेलं ते त्या परवान्यात नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या दुकानात त्याची विचारणा करायला आलेल्या प्रत्येकाने हाच प्रश्न केला होता: "पण परवाना आहे ना?"

आणि 'झाडपाल्याने काय होणार' हा समजही मुंबईतच तुटला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्ण पाहिले. सगळ्यांच्या यकृताला इजा झालेली आणि सगळ्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेली. त्यांतला एक रुग्ण दगावला. 2021 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला आणि पुढे म्हटलं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी वेल घेतली गेली तर त्रास होऊ शकतो. हा वाद मी इथे सोडवणार नाही. पण मंत्रालयाचं म्हणणं जसंच्या तसं धरलं तरी प्रश्न उरतोच: डब्यात कोणती वेल आहे आणि किती आहे, हे खाणाऱ्याला कळायचं कसं? लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि वजन नसेल तर डॉक्टरांपुढे डबा ठेवूनही उपयोग नाही. काकूंच्या बाबतीत तरी ज्येष्ठमध हा शब्द यादीत होता. तो 'वनस्पती अर्क' या दोन शब्दांच्या पोटात गेला असता तर मीही काही बोलू शकले नसते.

माझ्या ओळखीतले एक वैद्य यावर नेहमी चिडतात. त्यांचं म्हणणं असं, की आजीने दिलेल्या काढ्याला कधी परवाना लागला नाही, आणि तुम्ही केमिस्ट मंडळी ज्येष्ठमधाचा बाऊ करून पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानावर संशय घेता. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण आजीच्या काढ्यात आणि डब्यात फरक आहे. आजी सर्दी झाल्यावर काढा करते, तीन दिवस देते आणि सर्दी गेली की भांडं घासून ठेवते. तिला माहीत असतं की कोणाला उष्ण पडतं, कोण गरोदर आहे, कोणाला बीपीची गोळी चालू आहे. डब्यावर मात्र 'रोज दोन चमचे' असं लिहिलेलं असतं, आणि तो संपायच्या आत दुसरा घ्यावा अशी योजना असते. खरं तर हे वैद्यच रुग्णाला बघितल्याशिवाय पुडी देत नाहीत. त्यांच्या शास्त्रात मात्रा, काळ आणि प्रकृती यांना जे महत्त्व आहे, तेच ही डब्यातली 'इम्युनिटी' पुसून टाकते. माझ्यापेक्षा त्यांनी जास्त चिडायला हवं.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. नियम कडक केले की मोठ्या कंपन्या वकील लावून निभावतात आणि घरगुती उद्योग करणाऱ्या बायका मरतात, असं एका बचत गटाच्या ताईंनी मला ऐकवलं. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांना खरं तर कुठलाही नवा परवाना लागत नाही. 'काढा मसाला' म्हणून विका, चार जिन्नस आणि त्यांचं वजन लिहा, नोंदणीचा नंबर छापा. अडचण सुरू होते ती पाकिटावर 'इम्युनिटी बूस्टर' लिहिल्यावर. त्या शब्दासाठी जी जबाबदारी पत्करावी लागते ती मसाल्याच्या नोंदणीत येत नाही. त्या ताईंनी पुढची छपाई त्या शब्दांशिवाय केली. खप थोडा उतरला, हेही त्यांनीच सांगितलं, आणि ते मी लपवणार नाही. प्रामाणिक पाकीट शेल्फवर मागे पडतं, म्हणून तर हा प्रश्न एकेकट्या उत्पादकाच्या सदिच्छेवर सोडता येत नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नाच्या कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. रोग बरा करण्याच्या जादुई दाव्यांविरुद्ध 1954 चा कायदा आहे, त्यात तुरुंगवासही आहे. कायदा कमी पडतो असं मी म्हणत नाही. कमी पडते ती पाकिटाची पुढची बाजू आणि तिची भाषा. अन्नाच्या लेबलवर इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी यांपैकी एक भाषा सक्तीची आहे. मराठी ऐच्छिक. म्हणून सांगली-सोलापूरच्या बाईसाठी 'रोगप्रतिकारशक्ती वाढवा' हे समोर ठळक मराठीत येतं आणि 'औषधी वापरासाठी नाही' हे मागे इंग्रजीत राहतं. ज्या भाषेत विक्री करता, त्याच भाषेत आणि त्याच बाजूला, तेवढ्याच ठळकपणे 'हे अन्न आहे, औषध नाही' असं छापायला लावलं पाहिजे. ज्या पदार्थात वनस्पतींचे अर्क आहेत त्यात 'मिश्रण' या शब्दाखाली वजनं झाकायला पूर्ण बंदी हवी. आणि पुढच्या बाजूला 'आयुर्वेदिक' हा शब्द वापरायचा असेल तर मागे औषधाचा उत्पादन परवाना किंवा आयुर्वेद आहाराची खूण, यांपैकी एक असलंच पाहिजे. महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच छताखाली आहेत. ज्या राज्यांत ती वेगळी आहेत तिथे एक दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतं. आपल्याकडे ती सबब नाही. आपल्या प्रशासनाने मराठी लेबलची शिफारस केंद्राकडे करावी आणि तोवर निदान दुकानदारांसाठी तरी तसा फलक सक्तीचा करावा.

आयुर्वेदिक औषध विकायला वेगळा विक्री परवाना लागत नाही, म्हणून किराणा दुकानातही हे डबे शेंगदाण्यांच्या शेजारी एकत्र उभे असतात. माझ्या दुकानात मी त्यांची ताटातूट केली आहे. वरच्या कप्प्यात उत्पादन परवाना असलेली आयुर्वेदिक औषधं, खालच्या कप्प्यात चौदा आकडी नंबरवाले डबे, आणि खाली जाड मार्करने चिठ्ठी: 'हे खाण्याचे पदार्थ आहेत. बीपी, साखर, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर घेण्याआधी विचारा.' एका वितरकाने त्याचा माल तिथून उचलून नेला. दुसऱ्याने चिठ्ठीकडे बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाला, "ताई, एक फोटो काढू का? कंपनीला पाठवतो." अजून त्यांच्याकडून काही उत्तर आलेलं नाही. काकू अधूनमधून येतात, चिठ्ठी मोठ्याने वाचतात आणि सुंठीची कोरडी पुडी सुट्टी मागून घेऊन जातात.